एकरकमी पॉलिसीचे 18 लाख आले, 16 हजार कापले: टॅक्स लागतो की रिफंड मिळतो?

प्रश्न: सर, वडील झेडपीचे निवृत्त शिक्षक, वय 68. 2015 ला हायवेत जमीन गेली त्या पैशातून 10 लाखाची एकरकमी पॉलिसी काढली होती, विमा रक्कम साडेबारा लाख. जून 2025 ला मॅच्युअर झाली, 18 लाख मंजूर झाले पण 16 हजार टीडीएस कापून आले. एजंट म्हणायला की 5 लाखाचा नियम 2023 नंतरच्या पॉलिसीला आहे, तुमची जुनी आहे, टॅक्स नाही. नेटकॅफेवाला म्हणायला रिफंड काढून देतो. आईच्या नावाने पण 2024 ला 4 लाखाची एकरकमी घेतलीय, विमा रक्कम 5 लाख. ती 5 लाखाच्या आत आहे म्हणून टॅक्स फ्री आहे म्हणतेत. नेमकं काय धरायचं?

उत्तर:

भाऊ, एजंटनी सांगितलेलं अर्धं खरं आहे आणि तेच जास्त घातक असतं. 5 लाखाचा नियम 1 एप्रिल 2023 पासून निघालेल्या पॉलिसींनाच आहे, गुरुजींच्या 2015 च्या पॉलिसीला तो लागत नाही, इथपर्यंत बरोबर. पण त्याच्या आधीपासून दुसरा एक नियम बसलेला आहे, 10 टक्क्याचा, आणि ही पॉलिसी त्यात अडकलेली आहे. परभणीत माझ्याकडं दर जून-जुलैत असे चार-दोन जण येतेच, बहुतेक जमिनीच्या मोबदल्याचे पैसे नाहीतर रिटायरमेंटचे पैसे असे एकरकमीत टाकलेले.

आता हा 10 टक्क्याचा नियम नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर आहे. कलम 10(10डी) म्हणतं की आयुर्विम्याचे पैसे बोनससकट करमुक्त, पण कोणत्याही एका वर्षाचा प्रीमियम विमा रकमेच्या ठराविक टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाही. 1 एप्रिल 2003 च्या आधीच्या पॉलिसीला ही अट नव्हतीच. त्या तारखेपासून 31 मार्च 2012 पर्यंतच्या पॉलिसीला 20 टक्के, आणि 1 एप्रिल 2012 पासून 10 टक्के (विमा ज्याच्या जिवावर आहे तो दिव्यांग असेल किंवा कायद्यातल्या ठराविक गंभीर आजाराचा असेल तर एप्रिल 2013 पासूनच्या पॉलिसीला 15). यामागचा विचार सरळ होता. लोक विम्याच्या नावाखाली नुसती ठेव ठेवायले होते, जिवाचं कव्हर नावापुरतं, म्हणजे एफडीच्या व्याजावर टॅक्स आणि तसल्याच विम्यावर काही नाही. म्हणून सरकारनी सांगितलं की कव्हर प्रीमियमच्या किमान 10 पट तरी असू द्या, मग सूट घ्या.

गुरुजींचा हिशेब करा. प्रीमियम 10 लाख, विमा रक्कम साडेबारा लाख. साडेबारा लाखाचे 10 टक्के म्हणजे सव्वा लाख, आणि भरले किती तर 10 लाख, म्हणजे 80 टक्के. ही पॉलिसी पास व्हायला विमा रक्कम 1 कोटी पाहिजे होती. सव्वापट कव्हरवाली एकरकमी पॉलिसी 2012 नंतर घेतली असेल तर ती ह्या चाळणीतून कधीच निघत नाही, रक्कम 50 हजार असो की 50 लाख.

इथं एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो, की पॉलिसी 10 वर्षाची आहे, 10 लाख भागिले 10 म्हणजे वर्षाला 1 लाख, ते सव्वा लाखाच्या आत आहे की! नाही चालत. कायद्यात शब्द आहे मुदतीतल्या कोणत्याही एका वर्षाचा प्रीमियम, आणि पहिल्या वर्षी पूर्ण 10 लाखच गेलेत, ते वाटून टाकता येत नाहीत. दुसरी चूक म्हणजे लोक प्रीमियमची तुलना मॅच्युरिटीला आलेल्या 18 लाखाशी करतेत, ती पण नाही. तुलना करायची ती मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या विमा रकमेशी, आणि ती सुद्धा मुदतीत सगळ्यात कमी जेवढी असेल तेवढी धरायची, बोनस सोडून. बॉण्डच्या पहिल्या एक-दोन पानावर चौकट असते, त्यात हे आकडे असतेत. ते बघायचं, एजंटचं रंगीत पत्रक नाही. सर्व्हिस टॅक्स किंवा जीएसटी भरला असेल तर मर्यादा तपासताना तो प्रीमियममधून बाजूला ठेवायचा.

बरं, करपात्र झाली म्हणजे 18 लाखावर टॅक्स लागला असं नाही. पॉलिसीत भरलेला प्रीमियम वजा करायचा आणि उरलेलं उत्पन्न इतर स्रोतातलं उत्पन्न म्हणून धरायचं. फक्त प्रीमियम वजा करताना एक अट आहे, आणि तुमच्या केसचा खरा जीव इथंच आहे. जेवढ्या प्रीमियमवर पूर्वी वजावट घेतली असेल, तेवढा प्रीमियम आता परत वजा होत नाही. एकाच रुपयावर दोनदा फायदा नाही, असं.

म्हणून मला पहिलं हे कळायला पाहिजे की 2015-16 ला गुरुजींनी ही पॉलिसी 80सी मध्ये दाखवली होती का. त्या वेळी ते 57-58 चे, म्हणजे नोकरीचं शेवटचं वर्ष असणार, पगारातून टॅक्स कापला जाऊ नये म्हणून शाळेत पावती दिलेली असू शकते. 80सी ची सूट सुद्धा विमा रकमेच्या 10 टक्क्यापर्यंतच, म्हणजे ह्या पॉलिसीवर जास्तीत जास्त सव्वा लाख मिळाले असतील, 10 लाख भरले म्हणून दीड लाखाची पूर्ण मर्यादा नाही. आणि उलट, जीपीएफच दीड लाखाचा कटत असेल तर ह्या पॉलिसीला 80सी मधलं काहीच मिळालेलं नसणार. त्या वर्षाचा फॉर्म 16 काढा, कर निर्धारण वर्ष 2016-17 चा. घरातल्या पत्र्याच्या पेटीत नाहीतर शाळेच्या कपाटात कुठंतरी असतोच.

ह्या एका कागदानं किती फरक पडतो ते दाखवतो. समजा पेन्शन वर्षाला 4,20,000, त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 गेले म्हणजे 3,45,000, आणि बँकेचं व्याज 55,000, झाले बरोबर 4 लाख. (आकडे मी धरलेत, तुमचे टाका.)

पहिली शक्यता, वजावट घेतलीच नव्हती. मग पॉलिसीचं उत्पन्न 18 वजा 10 म्हणजे 8 लाख. एकूण उत्पन्न 12 लाख. 2025-26 च्या नवीन करपद्धतीत 12 लाखापर्यंत रिबेटमुळं टॅक्स शून्य होतो, आणि हे उत्पन्न साध्या स्लॅबमधलं असल्यामुळं त्याला रिबेट मिळतं, शेअरच्या नफ्यासारखी अडचण नाही. म्हणजे टॅक्स शून्य आणि कापलेले 16 हजार पूर्ण परत.

दुसरी शक्यता, सव्वा लाखाची वजावट घेतली होती. मग वजा होणारा प्रीमियम 8,75,000, पॉलिसीचं उत्पन्न 9,25,000, एकूण 13,25,000. आता 12 लाखाची हद्द ओलांडली, रिबेट गेलं. 4 ते 8 लाखावर 5 टक्क्यांनी 20,000, 8 ते 12 वर 10 टक्क्यांनी 40,000, वरच्या सव्वा लाखावर 15 टक्क्यांनी 18,750, बेरीज 78,750. 4 टक्के सेस 3,150 धरून 81,900. त्यातून 16,000 टीडीएस वजा, भरायचे राहिले 65,900. हद्द जेमतेम ओलांडली असती तर थोडी सवलत मिळते, त्याला मार्जिनल रिलीफ म्हणतेत, पण 13 लाख 25 हजाराला ती पोचत नाही. जुन्या करपद्धतीत जाऊन काही वाचंल का म्हणून कोणी विचारंल तर नाही, ज्येष्ठ नागरिकाची 3 लाखाची सूट, 50 हजार स्टँडर्ड डिडक्शन आणि व्याजाची वजावट धरून सुद्धा टॅक्स 2 लाखावर जातो.

म्हणजे दहा वर्षापूर्वी एका पावतीवर वाचवलेला टॅक्स आता 81,900 चा झाला, हे गुरुजींना सांगताना जरा सांभाळून सांगा. 10 लाखाचे 10 वर्षात 18 लाख म्हणजे वर्षाला 6 टक्क्याच्या आसपास परतावा, आणि 2015 ला एफडीला 8 च्या आसपास व्याज होतं, पण ते आता बोलून काय उपयोग.

आता नेटकॅफेवाल्याचा रिफंड. पहिल्या शक्यतेत रिफंड मिळतो हे खरंच आहे, पण 8 लाखाचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवून. हे लोक काय करतेत, 18 लाख करमुक्त उत्पन्नात टाकतेत नाहीतर कुठंच टाकत नाहीत, आणि 16 हजार मात्र मागतेत. विमा कंपनीनी टीडीएस कलम 194डीए खाली कापलाय आणि तो 26एएस मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या टीडीएसच्या उताऱ्यात, त्याच कलमासकट दिसायलाय, एआयएस म्हणजे वर्षाच्या माहितीच्या पत्रकात पण पेमेंट दिसतं. टीडीएस मागितला पण त्याचं उत्पन्न नाही, हे कॉम्प्युटरला लगेच कळतं, त्याला माणूस लागत नाही. मग रिफंड अडकतो, खुलासा मागणारी मेल येते, ती मेल नेटकॅफेवाल्याच्या आयडीवर गेलेली असते आणि तुम्हाला कळतंच नाही. असल्या दोन केस मी स्वतः निस्तरल्यात. आधी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का तेवढं बघून घ्या.

टीडीएसचा आकडा पण समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. कंपनी नफ्याच्या भागावर कापते, 8 लाखावर 2 टक्के, म्हणून 16,000. ऑक्टोबर 2024 च्या आधी हाच दर 5 टक्के होता. वर्षात एकूण 1 लाखापेक्षा कमी पैसे मिळाले तर कापत नाहीत, आणि पॅन दिला नसेल तर 20 टक्के कापतेत. कंपनीला तुमच्या 80सी चं काहीच माहीत नसतं, त्यामुळं 26एएस मधला आकडा आणि रिटर्नमधला आकडा वेगळा निघू शकतो, त्यात घाबरायचं नाही, हिशेबाचा कागद जपून ठेवायचा. आणि हे डोक्यातून काढा की 2 टक्के कापले म्हणजे टॅक्स मिटला. तो फक्त आगाऊ घेतलेला हप्ता आहे. तसंच कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं पण नसतं.

कोणी म्हणंल की टीडीएस कापू नका असं सांगणारा 15एच फॉर्म आधी दिला असता तर कापलेच नसते. बरोबर, ह्या कलमाला त्या वेळी 15एच चालत होता, पण तो तेव्हाच द्यायचा जेव्हा वर्षाचा एकूण टॅक्स शून्य येणार असंल. पहिल्या शक्यतेत चालला असता, दुसऱ्या शक्यतेत तो खोटा जबाब झाला असता. एजंट लोक मॅच्युरिटीच्या फॉर्मसोबत बिनधास्त सही घेतेत, त्यांना काय.

65,900 भरायची वेळ आलीच तर गुरुजींना एक दिलासा आहे. 60 च्या वरच्या निवासी माणसाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळं त्याचं व्याज लागत नाही. रिटर्न भरण्याआधी सेल्फ असेसमेंटचं चलन भरा आणि 31 जुलैच्या आत रिटर्न टाका. तुमच्याच वयाच्या माणसाची पॉलिसी असती तर आगाऊ कराचं व्याज चढलं असतं. शेत अजून गुरुजींच्या नावावर असेल आणि वर्षाला 5 हजारावर शेतीचं उत्पन्न असेल तर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 लागतो, आणि शेतीचं उत्पन्न कर काढताना हिशेबात घेतात म्हणून वरचे आकडे थोडे बदलतील. सोयाबीनच्या पट्ट्या घेऊन या.

आता आईची पॉलिसी. इथं दोन्ही नियम एकदम लागतेत आणि लोक त्याची अदलाबदल करतेत. 5 लाखाच्या आतला प्रीमियम म्हणजे टॅक्स फ्री हे वाक्य पूर्ण नाही, 5 लाखाची अट ही 10 टक्क्याच्या अटीच्या जागी आलेली नाही, तिच्या वरून आलेली आहे. चाळणी दोन आहेत आणि धान्य दोन्हीतून खाली पडलं पाहिजे. आईचा प्रीमियम 4 लाख, म्हणजे 5 लाखाच्या चाळणीतून गेला. पण विमा रक्कम 5 लाख, म्हणजे प्रीमियम 80 टक्के, 10 टक्क्याच्या चाळणीत अडकला. मॅच्युरिटीचा नफा करपात्रच. काही एकरकमी योजनांत घेतानाच दोन पर्याय असतेत, सव्वापट कव्हर किंवा 10 पट कव्हर. 10 पटवाला घेतला असता तर सूट बसली असती, पण त्यात जोखमीचा खर्च जास्त म्हणून परतावा कमी होतो, आणि वय वाढलेल्याला तो देत पण नाहीत. एजंट सव्वापटवाला खपवतो कारण मॅच्युरिटीचा आकडा मोठा दिसतो. एकरकमीच कशाला, वर्षाच्या हप्त्याच्या सुद्धा काही पॉलिसीत कव्हर हप्त्याच्या 7 पटच असतं, तिथं प्रीमियम 14 टक्क्यावर जातो आणि तीच गत होते.

त्यामुळं आईची 2024 ला 80सी मध्ये दाखवली होती का ते पण बघून ठेवा. आईला टॅक्सच लागत नसेल तर उगा दाखवून काही मिळालं नसणार, पुढं तेवढा प्रीमियम वजा होणार नाही एवढंच होईल. बहुतेक नवीन करपद्धतीतच असाल, तिथं 80सी नाहीच.

5 लाखाच्या नियमाबद्दल थोडंच सांगतो, कारण पुढं कोणीतरी तुम्हाला दुसरी पॉलिसी गळ्यात मारणारच. ही मर्यादा पॉलिसीला नाही, माणसाला आहे. एप्रिल 2023 पासून त्याच्या निघालेल्या सगळ्या पॉलिसींचा एका वर्षाचा प्रीमियम मिळून धरतेत, युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा सोडून, कारण युलिपची वेगळी अडीच लाखाची मर्यादा 1 फेब्रुवारी 2021 पासून आहे. शुद्ध टर्म इन्शुरन्सचा हप्ता त्यात धरत नाहीत, आणि मार्च 2023 पर्यंत निघालेल्या जुन्या पॉलिसी पण नाहीत. समजा मोंढ्यातल्या एखाद्या अडत्याच्या तीन नवीन पॉलिसी आहेत, हप्ते 3 लाख, 2 लाख 40 हजार आणि 2 लाख. एकूण 7 लाख 40 हजार, म्हणजे तिन्ही करपात्र? नाही. 16 ऑगस्ट 2023 च्या सीबीडीटी परिपत्रकाप्रमाणं ज्या पॉलिसींचे हप्ते मिळून 5 लाखाच्या वर जात नाहीत अशी जोडी तो निवडू शकतो. 3 आणि 2 मिळून बरोबर 5 लाख, ते चालतं, अट 5 लाखापेक्षा जास्त नको अशी आहे. किंवा 2.40 आणि 2 ची जोडी. ज्यात नफा जास्त ती सूटमध्ये घालायची. पण एकदा एका पॉलिसीवर मॅच्युरिटीला सूट घेतली की तिचा प्रीमियम पुढच्या निवडीत मोजला जातो, दरवर्षी नवीन जोडी लावता येत नाही. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी असते, एकाच नावावर सगळ्या पॉलिसी काढायची आपल्याकडची सवय इथं महाग पडते.

एक राहिलं. हे सगळं मॅच्युरिटी आणि सरेंडरचं आहे. मुदतीत माणूस गेला तर वारसाला मिळणारी रक्कम, प्रीमियम कितीही असला तरी, करमुक्तच राहते. आई-वडलांच्या बाबतीत ते बोलायचं नसतं, पण विचारणारे विचारतेत म्हणून सांगून ठेवलं. आणि 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, 10 टक्के आणि 5 लाख हे तसेच आहेत. गुरुजींचे पैसे 2025-26 मधले, त्यामुळं त्यांचं हे रिटर्न जुन्याच कायद्यानं.

आता तीन कागद काढा, पॉलिसीचा बॉण्ड, 2015-16 चा फॉर्म 16 आणि ह्या वर्षाचा 26एएस. फॉर्म 16 मिळालाच नाही तर पोर्टलवर त्या वर्षाचं रिटर्न बघा, 80सी चा आकडा तिथं असतो, आणि त्यात जीपीएफ किती ते पगारपत्रकावरनं काढता येईल. तेवढं झालं की दोन्हीतली कोणती शक्यता ते कळवा, पुढचं मग बघू.